प्रोग्राम तर चालत होता, मग रिजेक्ट का केलं? घरी दिलेल्या कोडिंग असाइनमेंटचे मार्क असे पडतात

शुक्रवारी संध्याकाळी मेल येतो. पहिली फेरी पार पडली, आता सोबतची असाइनमेंट सोमवारपर्यंत करून पाठवा. मग काय, मित्राच्या साखरपुड्याला दांडी, रविवारची झोप गेली. प्रोग्राम लिहिला, चालवून बघितला, व्यवस्थित उत्तर आलं. पाठवून दिला.

आठवड्यानं दोन ओळींचा मेल. यावेळी आम्ही तुमचा विचार करू शकत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

आता डोक्यात एकच प्रश्न. अरे, प्रोग्राम तर चालत होता, मग माशी शिंकली कुठं?

आयटीत नोकरी शोधणाऱ्या बऱ्याच जणांनी हे भोगलंय. आणि गंमत म्हणजे टेबलाच्या पलीकडं बसलेल्या माणसाचीही अडचण असते. त्याच्यापुढं पंधरा-वीस जणांचे कोड पडलेले असतात, स्वतःचं काम डोक्यावर असतं आणि "मार्क द्या" एवढंच त्याला सांगितलेलं असतं. कशाचे किती, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तर हे मार्क नीट द्यायचे असतील तर कसे देतात, ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण समजावण्यापुरतं रचलेलं आहे, पण त्यातल्या चुका अगदी रोजच्या आहेत.

असाइनमेंट काय होती?

समजा, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला दोन-तीन वर्षं अनुभव असलेला प्रोग्रामर हवाय. त्यांनी असाइनमेंट दिली ट्रिपच्या हिशोबाची.

मित्र फिरायला गेले. हॉटेलचे पैसे एकानं भरले, पेट्रोलचे दुसऱ्यानं, जेवणाचे तिसऱ्यानं. प्रत्येक खर्चाला तीन गोष्टी दिल्यात. पैसे कुणी भरले, किती भरले आणि तो खर्च कुणाकुणात वाटायचा. प्रोग्रामनं शेवटी सांगायचं की कुणी कुणाला किती द्यायचे. वेळ जास्तीत जास्त तीन तास. भाषा कुठलीही. वेबपेज वगैरेची गरज नाही, साधा काळ्या स्क्रीनवर चालणारा प्रोग्राम पुरे. सोबत एक README फाईल लिहायची, म्हणजे प्रोग्राम कसा चालवायचा आणि काय विचार करून असा लिहिला, त्याची टिपण.

प्रश्न चांगला निवडलाय. ट्रिपचा हिशोब सगळ्यांना कळतो, म्हणून प्रश्न समजून घेण्यात वेळ जात नाही. आणि वरवर सोप्या दिसणाऱ्या या हिशोबात एक-दोन खड्डे लपलेले आहेत.

आलेल्या कोडपैकी दोन आपण बघू. नावं, कॉलेज, आधीची कंपनी हे सगळं झाकून कुणीतरी त्यांना नंबर दिलेत. कोड क्रमांक 1 आणि कोड क्रमांक 2.

क्रमांक 1 उघडल्या उघडल्या डोळ्यात भरतो. रंगीत वेबपेज, गोल कोपऱ्यांची बटणं, छान नावं दिलेली फंक्शनं, आणि 22 टेस्ट, सगळ्या हिरव्या. क्रमांक 2 म्हणजे काळी स्क्रीन, त्यावर चार ओळी उत्तर. टेस्ट फक्त 4. README मात्र दीड पान.

नुसत्या नजरेनं मार्क द्यायचे तर पहिल्याला दहापैकी आठ आणि दुसऱ्याला सहा, असंच कुणीही म्हणेल. आता खोलात जाऊ.

कोड उघडायच्या आधीच तक्ता भरायचा

पहिली गोष्ट, कशाला किती वजन हे एकही कोड बघण्याआधी कागदावर लिहायचं. बघितल्यावर लिहिलं तर आपल्याला आवडलेल्या कोडला सोयीचं वजन आपोआप ठरतं. आपण मुद्दाम करतो असं नाही, होऊन जातं.

या कंपनीनं ठरवलं ते असं. उत्तर बरोबर येतं का, याला 40. कोड वाचून समजतो का, याला 25. टेस्ट कशा आहेत, याला 20. आणि "हे असं का केलं, तसं का नाही" याच्या स्पष्टीकरणाला 15. झाले शंभर.

हे आकडे म्हणजे काही कायदा नाही. फ्रेशर घ्यायचा असेल तर स्पष्टीकरणाचं वजन कमी करता येतं. टीम सांभाळणारा माणूस घ्यायचा असेल तर तेच वाढवावं लागतं, कारण निर्णय घेणं हेच त्याचं काम असणार. महत्त्वाचं एवढंच की आकडे आधी ठरलेत आणि सगळ्यांना सारखे लागू आहेत.

प्रत्येक रकान्यात 0 ते 4 मार्क. दहापैकी का नाही? कारण दहात सहा आणि सात यातला फरक कुणालाच सांगता येत नाही. पाचच पायऱ्या असल्या की प्रत्येक पायरीचा अर्थ एका वाक्यात लिहिता येतो. उदाहरणार्थ, उत्तराच्या रकान्यात 0 म्हणजे प्रोग्राम चालतच नाही, 1 म्हणजे फक्त सोप्या हिशोबाला चालतो, 2 म्हणजे अवघड हिशोबात किरकोळ चूक, 3 म्हणजे सगळे हिशोब बरोबर पण वेड्यावाकड्या माहितीवर अडतो आणि 4 म्हणजे तिथंही नीट वागतो.

आणखी एक अट. उत्तराच्या रकान्यात 2 पेक्षा कमी असतील तर बेरीज कितीही असो, पुढं न्यायचं नाही. ही अट नसेल तर गडबड होते. एखाद्याचा प्रोग्राम चालतच नाही, पण बाकी तीन रकान्यांत पूर्ण मार्क आहेत, तर त्याची बेरीज 60 होते आणि तो पास झालेला दिसतो.

पहिला रकाना : उत्तर बरोबर आहे का?

यासाठी उमेदवारानं दिलेला नमुना चालवून बघायचा नाही. तो त्याच्याकडं चाललाच असणार, म्हणून तर पाठवलाय. तपासणाऱ्यानं स्वतःचे चार हिशोब आधीच तयार ठेवायचे आणि तेच सगळ्यांच्या प्रोग्रामला घालायचे.

पहिला हिशोब, ₹900 तिघांत. दुसरा, ₹1000 तिघांत. तिसरा, पैसे भरणारा स्वतः त्या खर्चात नाहीच, म्हणजे मित्रांची तिकिटं काढली पण स्वतः आत गेला नाही. चौथा, खर्च लिहिलाय पण कुणात वाटायचा ती यादीच रिकामी.

पहिल्यात दोन्ही कोड पास. तिसऱ्यातही पास. खरी गंमत दुसऱ्यात आहे.

₹1000 भागिले तीन किती? 333.33 आणि पुढं तीनच तीन. क्रमांक 1 नं हे असं केलंय.

```python
share = round(amount / len(people), 2)
```

म्हणजे दोन दशांशांपर्यंत गोळाबेरीज. प्रत्येकाचा वाटा ₹333.33. आता तीनदा बेरीज करा. ₹999.99. एक पैसा गेला कुठं?

तुम्ही म्हणाल, एका पैशासाठी काय एवढं. पण पुढं बघा. या प्रोग्राममधला हिशोब मिटवणारा भाग असा लिहिलाय की सगळ्यांचं देणं-घेणं शून्य होईपर्यंत थांबायचं नाही. दोघांनी आपापले ₹333.33 दिले, त्यांचं खातं शून्य झालं. ज्यानं हॉटेलचे पैसे भरले त्याचा एक पैसा येणं बाकी राहिला. पण देणारं कुणी उरलंच नाही. मग प्रोग्राम शून्य रुपये देतो, परत बघतो, अजून एक पैसा बाकी आहे, परत शून्य रुपये देतो. असा तो फिरतच राहतो. स्क्रीनवर काहीच येत नाही, प्रोग्राम लटकला.

उमेदवारानं ₹900 आणि ₹1200 असे आकडे घालून बघितले, ते तिघांत नीट भागले जातात, म्हणून त्याला हे कधी दिसलंच नाही. प्रोग्राम "चालत होता" तो असा.

क्रमांक 2 नं वेगळा रस्ता धरला. रुपयांचे आधी पैसे केले. ₹1000 म्हणजे 1,00,000 पैसे. पूर्णांकातच भागाकार केला आणि जी बाकी उरली ती वाटून टाकली.

```python
base, extra = divmod(paise, len(people))
for i, p in enumerate(people):
    balance[p] -= base + (1 if i < extra else 0)
```

तिघांना 33,333 पैसे, बाकी एक. तो एक पैसा यादीतल्या पहिल्या माणसाच्या वाट्याला. बेरीज बरोबर 1,00,000. हिशोब मिटला, प्रोग्राम थांबला. पैशाच्या हिशोबात दशांशाचे आकडे टाळून सगळ्यात लहान नाण्यात मोजायचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे आणि तिचं कारण हेच.

चौथ्या हिशोबात, म्हणजे रिकाम्या यादीवर, दोघंही कोसळले. शून्यानं भागायला गेले आणि एररची लांबलचक जंत्री स्क्रीनवर. पण इथं तपासणाऱ्यानंही आपला प्रश्न परत वाचायला हवा. रिकाम्या यादीचं काय करायचं हे प्रश्नात सांगितलं होतं का? नव्हतं. मग त्यासाठी चारातला एकच मार्क जावा. जे विचारलंच नाही त्यावर कुणाला नापास करणं हा अन्याय झाला.

क्रमांक 1 ला उत्तराचा 1 मार्क. क्रमांक 2 ला 3.

इथं आणखी एक गोष्ट. एखादा प्रोग्राम तपासणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर सुरूच झाला नाही तर लगेच 0 द्यायचा नाही. बऱ्याचदा पायथॉनचं व्हर्जन वेगळं असतं किंवा एखादी ओळ README मध्ये लिहायची राहिलेली असते. उमेदवाराला एक मेल टाकायचा, एक संधी द्यायची, आणि ही संधी सगळ्यांना सारखीच द्यायची.

दुसरा रकाना : वाचून समजतं का?

"कोड स्वच्छ आहे" म्हणजे नेमकं काय, यावर दोन प्रोग्रामर दिवसभर भांडू शकतात. एकाला छोटी-छोटी फंक्शनं आवडतात, दुसऱ्याला सगळं एका जागी. म्हणून आवडीवर न जाता एक काम करून बघायचं. त्या कोडमध्ये एक छोटा बदल करायचा प्रयत्न करायचा.

इथं बदल असा ठरवला की समान वाटणीऐवजी टक्क्यांनी वाटणी करायची आहे. एकानं खोली एकट्यानं घेतली, त्याचा वाटा जास्त. आता हा बदल कुठं करायचा ते किती लवकर सापडतं, आणि तो किती ठिकाणी करावा लागतो, एवढंच मोजायचं.

क्रमांक 1 मध्ये वाटणीचं फंक्शन वेगळं आहे, त्याचं नावही तसंच आहे. जागा लगेच सापडली, बदल एकाच ठिकाणी. फक्त वेबपेजसाठी आणलेला बराचसा कोड मध्ये मध्ये लुडबुडतो. 3 मार्क.

क्रमांक 2 मध्ये वाटणीचा भाग सापडतो, पण फाईल वाचणं, हिशोब मिटवणं आणि उत्तर छापणं हे सगळं एकाच मोठ्या फंक्शनमध्ये कोंबलंय. बदल करताना छपाईच्या ओळींनाही हात लावावा लागला. 2 मार्क.

आणि रंगीत वेबपेजचे मार्क? शून्य. हे ऐकायला कठोर वाटतं, पण विचार करा. प्रश्नात वेबपेज नको म्हणून सांगितलेलं होतं आणि तीन तासांची मर्यादा होती. जादा केलेल्याला मार्क द्यायला लागलो की ज्याच्याकडं पूर्ण शनिवार-रविवार मोकळा आहे तो पुढं जातो. घरी लहान बाळ असलेली, आई-वडिलांचं दवाखान्याचं बघणारा, किंवा आताच्या नोकरीत शनिवारीही कामावर जाणारा माणूस दिलेल्या तीन तासांत काम संपवून पाठवतो आणि मागं पडतो. आपल्याला प्रोग्रामर निवडायचाय, मोकळा वेळ कुणाकडं जास्त आहे ते नाही.

तिसरा रकाना : टेस्ट किती नाही, कशा?

टेस्ट म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतोय का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम. उद्या कुणी कोडमध्ये चूक केली तर टेस्ट लाल होऊन ओरडली पाहिजे. घराच्या राखणीला कुत्रं ठेवतो तसंच. कुत्री किती आहेत यापेक्षा चोर आल्यावर भुंकतात का, हे महत्त्वाचं.

मग तपासायचं कसं? सरळ आहे, स्वतः चोर व्हायचं. कोडमध्ये मुद्दाम एक चूक घालायची आणि टेस्ट चालवायच्या. या पद्धतीला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. मोठ्या प्रोजेक्टसाठी हे आपोआप करणारी टूल्स असतात, पण इथं एक-दोन ओळी हातानं बदलल्या तरी काम होतं.

क्रमांक 1 मध्ये तपासणाऱ्यानं असा बदल केला की खर्च कुणात वाटायचा ती यादी बघायचीच नाही, सरसकट सगळ्यांत वाटायचा. म्हणजे शाकाहारी मित्राच्या डोक्यावर मटणाचं बिल. सपशेल चूक. टेस्ट चालवल्या. 22 च्या 22 हिरव्या.

कारण त्या बावीस टेस्टमध्ये प्रत्येक खर्च सगळ्यांतच वाटलेला होता. बऱ्याचशा टेस्ट तर फक्त "काहीतरी उत्तर आलं का", "नाव दिसतंय का" एवढंच बघत होत्या. कुत्री बावीस, भुंकत एकही नाही. 1 मार्क.

क्रमांक 2 मध्ये वरच्या कोडमधलं `<` बदलून `<=` केलं. म्हणजे उरलेला पैसा एका माणसाऐवजी दोघांकडून घेतला जाणार. फक्त एका चिन्हाचा फरक, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही. टेस्ट चालवल्या आणि एक लगेच लाल झाली. ती ही.

```python
assert sum(balance.values()) == 0
```

मराठीत सांगायचं तर, सगळ्यांच्या देण्या-घेण्याची बेरीज शून्यच यायला हवी. ट्रिपला किती जण होते, किती खर्च झाला, कुणी भरला, काही असो. एकाचं येणं म्हणजे दुसऱ्याचं देणं. एका ओळीत या उमेदवारानं हिशोबाचा गाभाच पकडलाय. हीच एक ओळ क्रमांक 1 कडं असती आणि ₹1000 चा आकडा घातला असता, तर हरवलेला एक पैसा त्याला घरीच सापडला असता.

चौघांत एक टेस्ट कमी पडते, रिकाम्या यादीची. म्हणून 3 मार्क.

चौथा रकाना : असं का केलं?

प्रोग्राम लिहिताना प्रत्येक ठिकाणी काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावं लागतं. चांगल्या प्रोग्रामरला आपण काय सोडलं हे माहीत असतं. README वाचताना तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची. काय निवडलं? त्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं? आणि हे निवडलेलं कधी चुकेल?

क्रमांक 1 च्या README मध्ये प्रोग्राम कसा चालवायचा ते आहे, वेबपेजसाठी काय काय वापरलं त्याची यादी आहे, आणि कोड वेगवान व सुटसुटीत असल्याचं लिहिलंय. कशाच्या तुलनेत वेगवान, ते नाही. 1 मार्क.

क्रमांक 2 नं दोन गोष्टी लिहिल्यात. पहिली, उरलेला पैसा यादीतल्या पहिल्या माणसाला. दरवेळी तोच माणूस पहिला असेल तर त्याच्यावर थोडा अन्याय होतो. चिठ्ठी टाकून ठरवलं असतं तर जास्त न्याय्य, पण मग तोच हिशोब दोनदा चालवला तर दोन उत्तरं येतील आणि टेस्ट करणं अवघड जाईल. म्हणून क्रमानं दिला.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. हिशोब मिटवताना त्यानं सोपी युक्ती वापरलीय. सगळ्यात जास्त देणं असलेल्यानं सगळ्यात जास्त येणं असलेल्याला द्यायचं, मग परत तेच. पण यात व्यवहार सगळ्यात कमी होतीलच असं नाही, हे त्यानं स्वतःच लिहिलंय आणि उदाहरणही दिलंय.

दोघांचं येणं आहे, एकाचं ₹700 आणि एकाचं ₹600. तिघांचं देणं आहे, ₹600, ₹400 आणि ₹300. सोप्या युक्तीनं ₹600 वाला ₹700 वाल्याला देतो. त्याचे ₹100 बाकी राहतात. मग ₹400 वाला दुसऱ्याला देतो, त्याचे ₹200 बाकी. मग ₹300 वाल्यानं ₹200 इकडं आणि ₹100 तिकडं. एकूण चार व्यवहार. पण माणसानं नीट बघितलं तर ₹600 ला ₹600 सरळ भिडतात, आणि ₹400 अधिक ₹300 म्हणजे ₹700. तीन व्यवहारांत काम तमाम.

मग ती पद्धत का नाही वापरली? कारण दरवेळी सगळ्यात कमी व्यवहार शोधायचे तर कुणाकुणाचे गट शून्यावर जुळतात ते तपासावं लागतं. माणसं वाढली की असे गट प्रचंड वाढतात, कॉम्प्युटरलाही घाम फुटतो. आणि सोप्या युक्तीत दहा जणांच्या ट्रिपला जास्तीत जास्त नऊ व्यवहार होतात, माणसांपेक्षा नेहमी एक कमी. मित्रांच्या हिशोबाला एवढं चालतं, असं त्यानं लिहिलंय. काय मिळालं, काय सोडलं, कुठपर्यंत चालेल, सगळं आलं. पूर्ण 4.

इथं एक सांभाळायचं. क्रमांक 2 चं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, दोन-तीन स्पेलिंग चुकलीत. त्याचे मार्क कापायचे नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी पोरापोरींचा विचार पक्का असतो आणि वाक्य अडखळतं. आपण वर ठरवलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधतोय, भाषेचा पेपर तपासत नाही.

एक कोड पूर्ण नाही, एक रकाना पूर्ण

आपण वर एक गोष्ट केली ती तुमच्या लक्षात आली का? आधी दोन्ही कोडचा पहिला रकाना भरला, मग दोन्हींचा दुसरा. क्रमांक 1 चे चारही रकाने भरून मग क्रमांक 2 ला हात घातला नाही. हे मुद्दाम आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी 2011 च्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या पुस्तकात आपल्या मास्तरकीच्या सुरुवातीची गोष्ट सांगितलीय. ते परीक्षेचे पेपर सगळे तपासतात तसेच तपासायचे, एका विद्यार्थ्याची वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मग दुसऱ्याची. हळूहळू त्यांना दिसलं की एका वहीतले सगळे मार्क एकसारखेच पडतायत. पहिल्या उत्तराला चांगले मार्क दिले की दुसऱ्या उत्तरातलं गोलमाल वाक्यही ते समजून घ्यायचे. पोरगं हुशार आहे, त्याला हेच म्हणायचं असेल.

मग त्यांनी पद्धत बदलली. सगळ्या वह्यांतला पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांतला दुसरा. आणि आधीचे मार्क दिसणार नाहीत असे लिहायचे. तेव्हा एकाच विद्यार्थ्याच्या दोन उत्तरांतल्या मार्कांत बराच फरक पडायला लागला. याला हेलो इफेक्ट म्हणतात. एका गोष्टीचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. क्रमांक 1 च्या रंगीत बटणांचा उजेड त्याच्या बावीस टेस्टवर पडला होता, तो असा.

म्हणून दोन माणसांनी वेगवेगळं बसून मार्क द्यायचे, एकमेकांना न विचारता. आणि प्रत्येक मार्काशेजारी कोडमधला एक पुरावा एका ओळीत लिहायचा. दोघांच्या मार्कांत एकापेक्षा जास्त फरक पडला तरच बोलायला बसायचं. बोलताना "मला बरा वाटला" चालत नाही, पुरावा काय ते दाखवायचं.

शेवटचा हिशोब

आता बेरीज. मार्क भागिले 4, गुणिले वजन.

क्रमांक 1 : उत्तराचे 10, वाचनीयतेचे 18.75, टेस्टचे 5, स्पष्टीकरणाचे 3.75. एकूण 37.5.

क्रमांक 2 : उत्तराचे 30, वाचनीयतेचे 12.5, टेस्टचे 15, स्पष्टीकरणाचे 15. एकूण 72.5.

नजरेनं आठ विरुद्ध सहा होता तो निकाल उलटा झाला. क्रमांक 1 तर पहिल्या रकान्यातच 2 च्या खाली अडकला होता.

हा आकडाही शेवटचा शब्द नसतो. 72 आणि 70 मध्ये काही फरक आहे असं मानायचं नाही, एवढी बारीक ही ताकडी नाही. आणि घरी केलेलं काम खरंच त्याच माणसानं केलंय का, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी क्रमांक 2 ला अर्ध्या तासाच्या गप्पांना बोलवायचं, त्याचाच कोड उघडायचा आणि तो टक्क्यांच्या वाटणीचा बदल समोर बसून करायला सांगायचा. ज्यानं स्वतः लिहिलंय तो थोडा अडखळेल, पण कुठं हात घालायचा हे त्याला माहीत असतं. दुसऱ्याकडून लिहून आणलेलं असेल तर उरलेला पैसा पहिल्यालाच का दिला, या साध्या प्रश्नावर गाडी अडते.

आणि क्रमांक 1 चं काय? त्याला "पुढील वाटचालीस शुभेच्छा" पाठवून चालणार नाही, त्यानंही आपला शनिवार-रविवार घातलाय. पुरावे तर शेजारी लिहिलेलेच आहेत, तेच मेलमध्ये उतरवायचे. ₹1000 तिघांत वाटल्यावर एक पैसा हरवतो आणि प्रोग्राम थांबत नाही. वाटणीची यादी काढून टाकली तरी तुमच्या 22 टेस्ट पास होतात. फंक्शनांची नावं आणि रचना चांगली आहे.

तीन वाक्यं, लिहायला दोन मिनिटं. आपला कोड नेमका कुठं फसला, हे त्या पोराला पुढच्या असाइनमेंटच्या आधी तरी कळतं.